डोळ्यांखालचा खळगा

तीन वर्षं हे लिहायचं टाळत होते. गेल्या आठवड्यात तेवीस वर्षांच्या मामेबहिणीने सेल्फी पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, डोळ्यांखाली वय दिसायला लागलंय, फिलर करू का?" तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितेय.

माझी सुरुवात फिलरने नाही, बोटॉक्सने झाली. चोविसाव्या वर्षी, भुवयांच्या मधल्या दोन उभ्या रेघांसाठी. खरं तर त्या रेघा कपाळाला आठ्या घातल्या तरच दिसायच्या, चेहरा सैल सोडला की गायब. पण "रेघ कायमची उमटायच्या आधीच थांबवायची" हे डोक्यात पक्कं बसलं होतं. याला पुरावा म्हणून 2006 साली प्रसिद्ध झालेलं जुळ्या बहिणींचं उदाहरण हमखास पुढे केलं जातं. एकीने 13 वर्षं नियमित इंजेक्शनं घेतली, दुसरीने फक्त दोनदा, आणि पहिलीच्या चेहऱ्यावर रेघा कमी होत्या. असतील ना. पण ती एकच जोडी आहे, आणि तेवढ्यावर विशीतल्या मुलीने दर चार महिन्यांनी सुई टोचून घ्यावी असं काही त्यातून निघत नाही.

बोटॉक्सबद्दल माझी मोठी तक्रार नाही. पाच ठिकाणी टोचून 20 युनिट्स दिली. नसेकडून स्नायूला जाणारा निरोप थांबला, पंधरा दिवसांत कपाळ गुळगुळीत झालं आणि तीन-चार महिन्यांत परत होतं तसं. घोळ दुसराच झाला. कपाळ गुळगुळीत झाल्यावर नजर खाली उतरली आणि डोळ्यांखालच्या खळग्यांवर जाऊन बसली.

फिलर म्हणजे हायल्युरॉनिक ॲसिडचं जेल. हे ॲसिड आपल्या त्वचेतही असतं, पण तिथे ते एक-दोन दिवसांत मोडून नवं तयार होतं. जेलमध्ये त्याचे धागे रसायनाने एकमेकांत गुंफतात, म्हणून ते टिकतं. ते पाणी धरून ठेवतं, तोच त्याचा गुण. आणि डोळ्यांखाली तोच दोष. चेहऱ्यावरची सगळ्यात पातळ कातडी तिथेच, साधारण अर्धा मिलिमीटर, आणि साचलेलं पाणी वाहून नेणाऱ्या लसिकावाहिन्या तिथे मुळातच नाजूक.

सिरिंज 1 मिलिलिटरची होती. दोन्हीकडे 0.3 पुरेल असं आधी ठरलं होतं. मग "उरलेलं वाया कशाला घालवायचं" म्हणत दोन्हीकडे 0.5 गेलं. हे वाक्य मी अजून विसरलेले नाही, कारण त्याला "हो, चालेल" म्हणणारी मीच होते.

पहिले सहा महिने मी खूश होते. मग सकाळी डोळ्यांखाली सूज दिसायला लागली, दुपारपर्यंत उतरायची. रात्री खारट खाल्लं की जास्त. पुढे खळग्याच्या जागी निळसर पट्टा दिसू लागला. जेल कातडीच्या फार जवळ असलं की त्यातून प्रकाश विखुरतो आणि निळी झाक येते. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की डोळ्यांखाली पिशव्या आल्यात, काळं पडलंय आणि लोक विचारतायत, "झोप नाही का झाली?" म्हणजे वयच, दुसरं काय! फिलर उतरलं असणार, असं समजून मी पुन्हा गेले आणि आणखी 0.5 भरून घेतलं.

ही गोष्ट मला सगळ्यात जास्त सांगायची आहे. फिलर बिघडलं की ते बिघडल्यासारखं दिसत नाही, म्हातारपणासारखं दिसतं. सूज पिशवीसारखी, निळी झाक काळ्या वर्तुळासारखी. मग म्हातारपणाला घाबरलेला माणूस त्यावर पुन्हा फिलरच भरतो. आणि "वर्षभरात आपोआप विरतं" या भरवशावर राहू नका. ज्यांचं एमआरआय झालंय अशा काही जणांमध्ये जेल कितीतरी वर्षांनीही सापडलंय.

दुसऱ्या डॉक्टर बाईंनी आधी खोलीतला वरचा दिवा बंद केला आणि बाजूने टॉर्च मारला. मग बोटाने दाबून पाहिलं, आणि सोनोग्राफीत कातडीखाली काळे कप्पे दाखवले. ते जेल. मग म्हणाल्या, "शाळेतला एखादा फोटो आहे का तुमचा?" फोनमध्ये आईने पाठवलेलं ओळखपत्र होतं, चौदाव्या वर्षीचं. त्यात तोच खळगा, तसाच, डावीकडे किंचित जास्त. हाडाची ठेवण आणि कातडीला हाडाशी बांधणारा स्नायुबंध, एवढंच होतं ते. जे चौदाव्या वर्षापासून होतं त्याला मी चोविसाव्या वर्षी वय म्हणून घाबरले होते.

जेल विरघळवायला हायल्युरोनिडेज नावाचं एन्झाइम टोचतात. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून कधी ॲलर्जी झाली होती का, हे आधी विचारलं, कारण त्यांच्या विषातही हे एन्झाइम असतं. हाताच्या कातडीत थेंबभर टोचून वाट पाहिली. मग डोळ्यांखाली. आग आग झाली, संध्याकाळी डोळे सुजले आणि दुसऱ्या दिवशी आरशात खळगे परत आलेले. मला ते आधीपेक्षा खोल वाटले आणि मी दोन दिवस रडले. नंतर जुने फोटो शेजारी ठेवून पाहिलं, तर जवळपास तेवढेच होते. भरलेल्या चेहऱ्याची सवय झाली होती, एवढंच. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा टोचावं लागलं.

(एक गोष्ट मात्र थट्टेत घेऊ नका. फिलर टोचल्यावर असह्य दुखलं, कातडी पांढरी किंवा जाळीसारखी निळसर-लाल झाली, किंवा नजर अंधुक झाली, तर रक्तवाहिनी बंद पडलेली असू शकते. तेव्हा उद्याची वाट पाहायची नाही, त्याच मिनिटाला डॉक्टर गाठायचा.)

मामेबहिणीला म्हटलं, आधी खिडकीसमोर तोंड करून उभी राहा. समोरून उजेड आल्यावर काळं फिकं झालं तर ती सावली आहे, रंग नाही. आणि फोटो पाच फुटांवरून दुसऱ्याला काढायला सांग. हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत चेहऱ्याचं प्रमाणच बिघडतं. 12 इंचांवरून नाक पाच फुटांच्या तुलनेत सुमारे 30 टक्के रुंद दिसतं, असं गणित मांडून काढलेलं आहे. त्या फोटोवरून चेहऱ्याचा निकाल कसला लावतेस?

"मग काहीच करू नको का?" असं तिने विचारलंच. सनस्क्रीन लाव म्हटलं. यावर तिचा फोनमधूनही ऐकू येईल असा सुस्कारा. पण ऑस्ट्रेलियात नऊशेच्या वर लोकांना साडेचार वर्षं तपासलं होतं, 2013 साली ते प्रसिद्ध झालं. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेवर वयाच्या खुणा 24 टक्के कमी होत्या. तिथे एकच जोडी नव्हती.

माझ्या डाव्या डोळ्याखाली अजून ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी बोटाला लागतं. दिसत नाही, फक्त तोंड धुताना लागतं. डॉक्टर म्हणतात, त्रास नसेल तर राहू द्या. तिसऱ्यांदा टोचून घ्यायचं की नाही, माझं अजून ठरत नाहीये.