यूपीआयचे कापलेले पैसे: ७२ तासांचा हिशेब कुठे चुकतो

*“भाऊ, यूपीआय फेल होऊन पैसे कटले तर ७२ तास थांबा, आपोआप येतात. ७२ तासांत नाही आले तर गेले समजा, बँकवाले काही करत नाहीत. दुकानदार पुन्हा मागत असेल तर ॲपचा स्क्रीनशॉट दाखवा, तोच पुरावा. आणि बँकेला दिवसाला १०० रुपये दंड आहे, तो मागाच. सगळ्या ग्रुपवर टाका.”*

हा फॉरवर्ड ग्रुपवर फिरतोय. आधी त्यातल्या मुदतीचं. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ ला फसलेल्या व्यवहारांबद्दल एक परिपत्रक काढलं आणि ते १५ ऑक्टोबर २०१९ पासून लागू झालं. यूपीआयसाठी त्यात दोन मुदती आहेत आणि दोन्ही तासांत नाहीत, तारखांत आहेत. एका माणसाने दुसऱ्याला पाठवलेले पैसे पोचलेच नाहीत, तर ते व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत आले पाहिजेत. दुकानात दिले, तुमच्या खात्यातून गेले, पण दुकानाकडे खात्री पोचली नाही, तर व्यवहाराच्या तारखेपासून पाच दिवस. म्हणजे ७२ तास हे भावाला पाठवलेल्या पैशांसाठी फार जास्त आणि दुकानासाठी कमी. भावाच्या बाबतीत तुम्ही उगाच दोन दिवस गप्प बसता. दुकानाच्या बाबतीत चौथ्या दिवशी शाखेत जाऊन भांडता, आणि तिथला माणूस “अजून मुदत आहे” म्हणतो तेव्हा तो बरोबर असतो.

एक उदाहरण घेऊ, काल्पनिक पण तारखा खऱ्या. मंगळवार, ११ मार्च २०२५, संध्याकाळी नागपुरात बर्डीवर कापडाच्या दुकानात १,८४० रुपयांचं पेमेंट. पिन टाकला, चक्र फिरत राहिलं, शेवटी ‘फेल’ आलं. त्याच वेळी बँकेचा पैसे कापल्याचा एसएमएसही आला. फॉरवर्डच्या हिशेबाने मुदत संपते शुक्रवारी १४ तारखेला, आणि त्या दिवशी नेमकी धुळवड, बँका बंद. खरी मुदत संपते रविवारी १६ तारखेला. “मधे सुट्ट्या होत्या, त्या धरू नका” हे बँकेचं उत्तर इथे चालत नाही, कारण परिपत्रकातला दिवस म्हणजे कॅलेंडरची तारीख. धुळवडही मोजायची आणि रविवारही.

दुकान की माणूस, हे मात्र पाटीवरून ठरत नाही. दुकानदाराने स्वतःच्या बचत खात्याचा क्यूआर गल्ल्यावर चिकटवला असेल किंवा तुम्ही त्याच्या मोबाइल नंबरवर पैसे टाकले असतील, तर तो व्यवहार साधारणपणे माणसा-माणसातला धरला जातो आणि मुदत दुसऱ्या दिवसापर्यंतची. पेमेंट कंपनीचा क्यूआर आणि बोलणारा डबा असेल तर बहुधा दुकानाची मुदत.

“गेले समजा” या वाक्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं. पैसे कुठेतरी असतातच. प्रश्न एवढाच की कोणत्या टप्प्यावर थांबले, आणि ते कळल्याशिवाय कोणाला विचारायचं हेही कळत नाही.

पहिली शक्यता: तुमच्या बँकेने रक्कम वजा केली, पण ‘वजा झाली’ हा निरोप वेळेत पुढे गेला नाही. मग व्यवहार तिथेच रद्द होतो आणि तुमचीच बँक रक्कम उलटी टाकते. हे बऱ्याचदा काही मिनिटांत किंवा त्याच दिवशी होतं, आणि फॉरवर्ड लिहिणाऱ्याचा अनुभव बहुधा याच प्रकारचा असावा.

दुसरी शक्यता: रक्कम तुमच्याकडून निघाली, समोरच्या बँकेला ‘जमा करा’ असा निरोप गेला, आणि तिकडून उत्तरच आलं नाही. जमा झाली की नाही हे त्या क्षणी कोणालाच माहीत नसतं. आता समोरच्या बँकेला आपली खाती तपासून दोनपैकी एक करावं लागतं: जमा केल्याची खात्री द्यायची, किंवा रक्कम परत पाठवायची. म्हणून इथे वेळ जातो. आणि म्हणूनच अशा वेळी तुमच्या बँकेशी कितीही वाद घातला तरी उत्तर दुसऱ्या बँकेकडून यायचं असतं.

तिसरी शक्यता लोक विसरतात: व्यवहार पूर्ण झालेला असतो, फक्त दुकानातला डबा बोलत नाही. नेट गेलेलं असतं, सिम बंद असतं. यात परत येण्यासारखं काहीच नाही, कारण यंत्रणेच्या दृष्टीने काही फसलेलंच नाही. ग्राहक दुसऱ्यांदा पैसे देतो, पाच दिवस वाट बघतो आणि सहाव्या दिवशी बँकेला शिव्या घालतो. रक्कम मात्र पहिल्या संध्याकाळपासून दुकानदाराकडे असते. तो मुद्दाम लपवतो असंही नाही. पेमेंट कंपनी त्याची दिवसभराची जमा बऱ्याचदा एकत्र करून एकाच रकमेत खात्यात टाकते, त्यामुळे त्याच्या बँक स्टेटमेंटमध्ये १,८४० ची वेगळी ओळ नसतेच. त्याने व्यापारी ॲपमधली व्यवहारांची यादी उघडून त्या तारखेला ती रक्कम शोधायला हवी. सापडली तर तिथूनच तुम्हाला रिफंड करता येतो.

गल्ल्यावर असताना एवढं करा: दुसरं पेमेंट मारायच्या आधी पाच मिनिटं थांबा. ऑगस्ट २०२५ पासून ॲपला अडकलेल्या व्यवहाराची स्थिती तीनदाच विचारता येते आणि दर दोन वेळांमध्ये ९० सेकंदांचं अंतर लागतं. त्यामुळे अर्ध्या मिनिटात दिसणारं ‘पेंडिंग’ अजून काहीच सांगत नसतं.

आता स्क्रीनशॉट. दुकानदार तो मानत नसेल तर त्याचं चुकत नाही. स्क्रीनशॉट त्या क्षणाची अवस्था दाखवतो, नंतर ती बदलते. शिवाय बनावट स्क्रीनशॉट काढणं पोरखेळ आहे. उपयोगाचा असतो तो नंबर, आणि ॲपच्या पडद्यावर नंबर एकापेक्षा जास्त असतात. एक ॲपचा स्वतःचा व्यवहार क्रमांक असतो, तो त्या कंपनीबाहेर कोणालाच कळत नाही. दुसरा लांबलचक, अक्षरं आणि आकडे मिसळलेला `UPI transaction ID`. तिसरा निव्वळ बारा आकड्यांचा. तो कुठे `UTR`, कुठे `RRN`, तर कुठे `UPI Ref No` या नावाने दिसतो. शाखेत हा तिसरा द्यायचा. तुमचं ॲप, तुमची बँक, समोरची बँक, सगळीकडे तोच असतो. काउंटरवर ‘सापडत नाही’ असं उत्तर मिळालं, तर आधी आपण पहिला नंबर तर दिला नाही ना, ते बघा.

या बारा आकड्यांत तारीखही लपलेली असते. सहसा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि पुढचे तीन वर्षातला कितवा दिवस ते सांगतात. ११ मार्च २०२५ हा वर्षातला ७० वा दिवस, म्हणजे नंबर `5070` ने सुरू होणार. एकाच दुकानात वेगवेगळ्या दिवशी एकाच रकमेची चार पेमेंट असली तर कोणतं कुठलं, हे यावरून वेगळं करता येतं.

स्टेटमेंटमध्ये आपल्या उदाहरणातल्या ओळी साधारण अशा दिसतील:

```
11-03-2025  UPI/DR/507014382716/...   1840.00 Dr
18-03-2025  UPI/REV/507014382716/...  1840.00 Cr
```

शब्द बँकेगणिक बदलतात. कुठे `REV` मागे असतं, कुठे पुढे. जुळवायचा तो नंबर. रक्कम जुळली, नंबर जुळला, आणि एक वजा व एक जमा, म्हणजे हिशेब मिटला. जमेची ओळ आहे पण नंबर निराळाच, तर ते बहुधा दुकानाने नव्याने केलेलं रिफंड असतं, बँकेने उलटवलेला व्यवहार नव्हे. फरक महत्त्वाचा, कारण नुकसानभरपाईचा हिशेब बँकेने उलटवलेल्या व्यवहारावर चालतो.

शोधताना तीन ठिकाणी फसगत होते. पासबुकात तपशील अपुरा छापला जातो आणि नंबर अर्धाच येतो, म्हणून पीडीएफ स्टेटमेंट काढा. ते व्यवहाराच्या दिवसापासून आजपर्यंतचं काढा, नुसतं त्या दिवसाचं नाही. आणि एक्सेलमध्ये उघडलं तर बारा आकड्यांचा रकाना `5.07014E+11` असा दिसतो. तो रकाना आधी `Number` करून दशांश शून्य ठेवा, नाहीतर नंबर नजरेने जुळवता येणार नाही. फक्त एसएमएसवर तर विसंबूच नका. कापल्याचा येतो, परतीचा बऱ्याचदा येत नाही, आणि चार दिवस आधीच जमा झालेल्या रकमेसाठी लोक रांगेत उभे राहतात.

राहिले १०० रुपये. तो दंड नाही, तुमच्या खात्यात यायची भरपाई आहे, आणि न मागता जमा व्हायला हवी. मोजणी मुदत संपल्यावर सुरू होते, पैसे कापल्यापासून नाही. उदाहरणात मुदत १६ ला संपली, पैसे १८ ला आले, म्हणजे दोन दिवसांचे २०० रुपये. रविवारीच आले असते तर शून्य. चुकीच्या नंबरवर स्वतःच पाठवलेल्या पैशांना ही भरपाई लागू नाही, कारण परिपत्रक ग्राहकाची चूक नसताना फसलेल्या व्यवहारांपुरतं आहे. वर सांगितलेल्या तिसऱ्या शक्यतेलाही नाही.

मुदत उलटून गेली असेल तर आधी ॲपमधल्या त्याच व्यवहारावर जाऊन तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक घ्या. मग बँकेला लेखी द्या: तारीख, रक्कम, बारा आकडी नंबर, समोरचा यूपीआय आयडी, आणि “परतीची मुदत अमुक तारखेला संपली” हे एक वाक्य. पोच घ्या. बँकेने तक्रार फेटाळली, उत्तर पटलं नाही किंवा ३० दिवसांत उत्तरच आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर तक्रार करता येते. त्यासाठी सिव्हिल लाइन्समधल्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीपर्यंत चक्कर मारायची गरज नाही. बँकेला न विचारता थेट तिकडे गेलात तर मात्र तक्रार परत येईल.

आणि यातला कोणताही नंबर गूगलवर शोधलेल्या ‘कस्टमर केअर’ला देऊ नका. रिफंडसाठी पिन टाकायला किंवा स्क्रीन शेअर करायला सांगितलं की फोन ठेवा. पैसे येण्यासाठी पिन लागत नाही. तोवर पिन टाकून झाला असेल तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा.