वाढत्या अंगाचं व्हायोलिन

मराठी घरात मुलाची कुठलीही वस्तू मुलाच्या मापाची नसते. गणवेश वाढत्या अंगाचा, बूट पुढे कापसाचा बोळा घालून, आणि सायकल अशी की उतरायला आधी कट्टा शोधावा लागतो. याने कोणाचं फारसं बिघडत नाही, कारण शर्टाच्या बाह्या दुमडता येतात. व्हायोलिनच्या दुमडता येत नाहीत. हे वाक्य मी दर जूनमध्ये, गळ्यात शिंप्याची टेप अडकवून, एका मुलासोबत आलेल्या चार मोठ्या माणसांना ऐकवतो.

व्हायोलिन पाव, अर्धं, पाऊण आणि पूर्ण अशा मापांत मिळतं. त्याहून लहानही असतात, पण ती अगदी चिमुरड्यांसाठी. आता पाव-अर्धा-पाऊण म्हटलं की सोबत आलेल्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी आठवते आणि तिथेच घात होतो. या अपूर्णांकांचा गणिताशी संबंध नाही. मान सोडून पूर्ण व्हायोलिनचं धड साधारण चौदा इंच लांब असतं आणि अर्ध्याचं साडेबाराच्या आसपास. खरोखर अर्धं केलं असतं तर सात इंचांचं भरलं असतं आणि गौरीच्या आराशीत शोभलं असतं. ही नुसती नावं आहेत. तरीही ‘अर्धं’ ऐकलं की बाबांचा चेहरा अर्धी प्लेट मागवल्यासारखा होतो आणि ते म्हणतात, “पाऊणच द्या ना, पुढे उपयोगी पडेल.”

म्हणून टेप. मूल भिंतीला पाठ लावून उभं राहतं, डावा हात खांद्याच्या उंचीवर बाजूला सरळ, तळवा वर, कोपर ताठ. मानेच्या मुळापासून तळव्याच्या मध्यापर्यंत मोजायचं. माप सत्तेचाळीस सेंटिमीटरच्या पुढे गेलं की पाव, एक्कावन्नच्या पुढे अर्धं, छप्पन्नच्या पुढे पाऊण, आणि अठ्ठावन्न ओलांडलं की पूर्ण. वेगवेगळ्या तक्त्यांत सेंटिमीटरभर इकडेतिकडे होतं, त्याने जीव जात नाही. जीव जातो तो टेपचं दुसरं टोक कुठे धरलं यावरून.

समजा, आठ वर्षांचा मुलगा आहे आणि तळव्याच्या मध्यापर्यंत त्याचं माप त्रेपन्न भरलं. म्हणजे अर्धं. पण घरी आईने मनगटापर्यंतच मोजलेलं असतं, ते येतं अठ्ठेचाळीस. तक्त्यात बघितलं तर पाव. बाबांनी बोटाच्या टोकापर्यंत मोजलेलं असतं, ते येतं बासष्ट, म्हणजे पूर्ण. एकाच मुलाला एकाच संध्याकाळी पाव, अर्धं आणि पूर्ण अशी तिन्ही व्हायोलिनं लागू होतात आणि घरात त्यावरून अबोला होतो. मनगटापर्यंत मोजणं चूक नाही, सावध शिक्षक तसंच मोजतात. पण त्याचा तक्ता वेगळा असतो. मनगटाचं माप तळव्याच्या तक्त्यात घालणं म्हणजे बनियनच्या नंबराने चप्पल घेणं.

टेप झाली की वाद्य हातात द्यायचं. हनुवटीखाली नीट धरून डावा हात पुढे, आणि वाद्याच्या टोकाला जो गोल गुंडाळलेला शंख असतो त्याला तळव्याने कवेत घ्यायचं. तेव्हा कोपर थोडं वाकलेलं राहिलं तर माप बरोबर. हात काठीसारखा ताठ झाला, खांदा कानाला लागला, की वाद्य मोठं. हे मुलाच्या चेहऱ्यावरून कळत नाही, कारण नवीन वाद्य मिळतंय म्हटल्यावर ते हाताला मुंग्या आल्या तरी हसत राहतं.

“पण थोडं मोठं घेतलं तर होतं काय?” हा प्रश्न येतोच, आणि उत्तर करंगळीत आहे. तारेचा जो भाग वाजतो त्याच्या वरच्या टोकापासून एक नवमांश अंतरावर पहिलं बोट, म्हणजे तर्जनी पडते आणि बरोबर एक तृतीयांश अंतरावर करंगळी. अर्ध्या व्हायोलिनची तार साधारण २८५ मिलिमीटर, म्हणजे या दोन बोटांत ताण ६३ मिलिमीटरचा. पाऊण व्हायोलिनची ३०८, तिथे ताण ६८चा. फरक पाच मिलिमीटर, गव्हाच्या एका दाण्याएवढा. शर्टात एवढ्या फरकाकडे शिंपीसुद्धा बघत नाही. पण करंगळी पाच मिलिमीटर मागे पडली की सूर अर्ध्या स्वराच्या जवळजवळ निम्म्याने उतरतो. मग पोरगं काय करतं? अंगठा सोडतं, अख्खा पंजा पुढे सरकवतं, त्यामुळे पहिलं बोट जागचं हलतं आणि पुढचा प्रत्येक सूर आपल्या मर्जीने लागतो. शेजारी म्हणतात पोराला कान नाही. कान शाबूत असतो, करंगळी कमी पडलेली असते.

याची परीक्षा सोपी आहे. एका तारेवर करंगळी ठेवून जो सूर निघतो तोच शेजारच्या, पंचमाला लावलेल्या मोकळ्या तारेचा असतो. दोन्ही लागोपाठ वाजवायला सांगा. पहिलं बोट जागेवर राहून दोन्ही सूर जुळले तर वाद्य त्याच्या हाताचं. मूल माप आणि माप यांच्या मधे अडकलं असेल तर लहान घ्या, यावर माझ्याशी वाद घालू नका.

मांडी घालून, शंख उजव्या पायावर टेकवून हिंदुस्थानी किंवा कर्नाटक पद्धतीने वाजवायचं असेल तर मात्र नुसत्या तक्त्यावर जाऊ नये. तो तक्ता उभ्याने, हनुवटीखाली धरणाऱ्यांचा आहे. मुलाला तसं बसवून बघायचं. तारेचा हिशेब मात्र मांडी घातली म्हणून बदलत नाही.

काटकसरीचा आणखी एक प्रकार तारांत होतो. अर्ध्या व्हायोलिनची तार तुटली की घरातल्या पूर्ण व्हायोलिनची चढवतात, उरलेली खुंटीला गुंडाळतात. तीच तार, तोच सूर, पण लांबी कमी झाल्यामुळे ताण पाव हिश्श्याने उतरतो आणि आवाज ओल्या सुतळीसारखा येतो. तारांच्या पाकिटावर माप छापलेलं असतं, ते वाचायला पैसे पडत नाहीत. तारांवर फिरवायचा बो, म्हणजे गज, तोही त्याच मापाचा हवा. लांब गजाचं टोक गाठताना मुलाचा उजवा हात पाठीमागे पळतो.

गिटारवाले याबाबतीत सुखी. तिथे नटापासून ब्रिजपर्यंतची, म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या भागाची, लांबी बघायची. मोठ्या क्लासिकल गिटारची ६५० मिलिमीटर आणि पाऊण गिटारची ५८०च्या आसपास, म्हणजे पाऊणकी इथेही चुकतेच. पण पट्टीवर पडदे असल्यामुळे बोट थोडं मागे पडलं तरी सूर पडदा सांभाळतो. मोठी गिटार मुलाला फक्त दमवते. मोठं व्हायोलिन सोसायटीला दमवतं.

एवढं सगळं सांगून झाल्यावर अर्धं व्हायोलिन बांधून होतं. “मग पाऊण कधी?” आजोबा विचारतात. मी सांगतो, दर सहा महिन्यांनी मोजा, छप्पन्न झाले की या, आणि हे पुढे धाकटीला होईल. धाकटीचं नाव काढताच बाबांच्या चेहऱ्यावर प्रथमच समाधान पसरतं. एवढ्यात आई म्हणते, “टेप बाहेर आहेच तर याच्या शर्टाच्या बाहीचं माप घ्या ना. चार बोटं जास्तच सांगा.”