4 जून मी निवडला नव्हता

★☆☆☆☆
"9,500 रुपये भरून दोन दिवसांचा बॅकटेस्टिंगचा क्लास केला. मी तयार स्ट्रॅटेजी घेऊन गेलो होतो, चार वर्षांचा बॅकटेस्ट, मस्त प्रॉफिट. सरांनी वॉक-फॉरवर्डच्या नावाखाली मुद्दाम वाईट महिने निवडले, निवडणूक निकालाचा दिवसही घातला आणि सगळ्यांसमोर स्ट्रॅटेजीची वाट लावली. फाईल पाठवतो म्हणाले, चार दिवस पत्ता नाही. पैसे वाया."

नमस्कार सर,

फाईल सोमवारी पाठवायची होती, गुरुवारी गेली. ती चूक माझीच, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. सगळ्यांसमोर तुमची शीट उघडायला नको होती असं तुम्हाला वाटलं असेल तर त्याबद्दलही. मात्र शनिवारी चहाच्या वेळी "माझ्यावरच करून दाखवा" असं तुम्हीच म्हणाला होतात, म्हणून उघडली.

"मुद्दाम वाईट महिने निवडले" हे मात्र मला लागलं. माझा क्लास छोटा आहे, महिन्याला दोन बॅच होतात आणि लोक रिव्ह्यू वाचूनच फोन करतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमची स्ट्रॅटेजी म्हणजे निफ्टीचा इंट्राडे शॉर्ट स्ट्रॅडल. 9:37 ला अॅट-द-मनी कॉल आणि पुट विकायचे, प्रत्येक लेगला 27% स्टॉपलॉस, 3:10 ला बाहेर. हे 9:37 आणि 27% कुठून आले असं मी विचारलं, तेव्हा तुम्ही ऑप्टिमायझरची शीट दाखवलीत. 9:16 ते 10:15 मधलं प्रत्येक मिनिट, म्हणजे 60 वेळा, आणि 15 ते 50 पर्यंत प्रत्येक टक्का, म्हणजे 36 स्टॉप. गुणाकार 2,160. एवढ्या जोड्या एकाच चार वर्षांच्या डेटावर चालवल्या की त्यातली पहिली आलेली जोडी छान दिसणारच. तिच्यात काही दम नसला तरी दिसेल.

मग आपण शेजारची घरं पाहिली, आठवतंय ना? 9:37 ला वर्षाला सरासरी 1,400 पॉइंट, आणि 9:38 केलं की 940. एका मिनिटात तिसरा हिस्सा गेला. बाजाराला 9:37 शी काय देणंघेणं? म्हणून त्या फरकाचे दिवस शोधले, तर निम्म्याहून जास्त फरक 19 दिवसांतून आला होता. ऑगस्ट 2022 मधला एक मंगळवार आपण मिनिटामिनिटाने पाहिला. 9:37 ला कॉल 112 ला विकला, म्हणून स्टॉप 142.24. कॉल दुपारी 141.60 पर्यंत गेला, परत फिरला आणि 3:10 ला 88 वर होता. म्हणजे 24 पॉइंट नफा. 9:38 ला तोच कॉल 110.50 ला मिळत होता, स्टॉप 140.33, तो उडाला आणि 30 पॉइंट गेले. चौसष्ट पैशांनी वाचलेल्या स्टॉपला तुम्ही एज म्हणत होता. मी तेव्हा हसलो, ते चुकलंच माझं.

हे नुसतं योगायोगाचं आहे की खरं, हे पाहायला वॉक-फॉरवर्ड. तुमचा डेटा जानेवारी 2021 ते डिसेंबर 2024. जानेवारी ते डिसेंबर 2021 या 12 महिन्यांवर ऑप्टिमायझर चालवायचा, जी जोडी पहिली येईल तीच डोळे मिटून जानेवारी ते मार्च 2022 मध्ये वापरायची आणि निकाल लिहून ठेवायचा. मग सगळं 3 महिने पुढे सरकवायचं. एप्रिल 2021 ते मार्च 2022 वर शोध, एप्रिल ते जून 2022 मध्ये परीक्षा. असं करत शेवटची परीक्षा ऑक्टोबर ते डिसेंबर 2024. एकूण 12 परीक्षा, सलग, मधला एकही महिना गाळलेला नाही. 12 आणि 3 हे आकडे शनिवारी सकाळीच फळ्यावर होते, तुमची शीट उघडायच्या आधी. (तुम्ही चाळीस मिनिटं उशिरा आलात, तोवर तो भाग झाला होता. ट्रेनचं मी समजू शकतो.)

4 जून 2024 हा एप्रिल ते जूनच्या परीक्षेत पडतो. तो मी घातला नाही, कॅलेंडरने घातला. आणि तुमच्या आग्रहाखातर तो काढूनही पाहिला होता. त्या दिवशीचा तोटा 110 पॉइंट. तीन वर्षांच्या परीक्षेत वाटला तर वर्षाला जेमतेम 37. त्याने काही बदललं नाही, कारण निकाल असा होता: शोधाच्या 12 खिडक्यांत वर्षाला सरासरी 1,650 पॉइंट, परीक्षेत 230. चौदा टक्के. निम्मं टिकलं असतं तरी मी विचार करा म्हणालो असतो. त्यात तुमच्या शीटमध्ये खर्च धरलेलाच नव्हता. दिवसाला चार ऑर्डर, प्रत्येकी अर्धा पॉइंट घसरण धरली तरी वर्षाला पाचशेच्या आसपास पॉइंट जातात. ब्रोकरेज आणि एसटीटी वेगळेच.

माझ्या दृष्टीने नफ्याच्या आकड्याहूनही बोलकी गोष्ट म्हणजे निवडलेल्या जोड्या. एका खिडकीत 9:22 आणि 41%, पुढच्या खिडकीत 10:04 आणि 19%, त्याच्या पुढे 9:17 आणि 33%. लागोपाठच्या दोन खिडक्यांतला नऊ महिन्यांचा डेटा तोच असूनही उत्तर इतक्या उड्या मारतं, तेव्हा ऑप्टिमायझरला धरायला काही सापडलेलंच नसतं. 9:20, 9:25, 9:30 अशी आजूबाजूला फिरणारी उत्तरं आली असती आणि त्या सगळ्यांचा नफा साधारण सारखा असता, तर मी तुमच्या बाजूने बोललो असतो.

रविवारी दुपारचं लिहायचं नव्हतं, पण तुम्ही "नाटक" असल्यासारखं लिहिलंत म्हणून लिहितो. बाकीची बॅच एक्सरसाइज करत होती तेव्हा तुम्ही 12-3 ऐवजी 6-1 करून पाहिलं, मग 9-2, मग 18-6, आणि 8-2 ला नफा दिसल्यावर "बघा, पास" म्हणालात. सर, असं केलं की परीक्षेचा डेटाही शोधाचाच डेटा होतो. आधी स्टॉपलॉस ऑप्टिमाइझ केला होता, आता खिडकी केली. खिडकी आधी ठरवायची आणि परीक्षा एकदाच द्यायची. दोन-तीन वेगळ्या खिडक्या पाहायच्याच असतील तर त्या सगळ्यांचे निकाल मांडायचे, आवडला तेवढा एकच नाही.

पास झाली असती तरी पुढे चालेलच असं मी म्हटलं नसतं, हेही खरं. डेटात कधी घडलंच नाही ते वॉक-फॉरवर्डलाही दिसत नाही. तुमच्या चारही वर्षांत निफ्टीची वीकली एक्स्पायरी गुरुवारची होती, सप्टेंबर 2025 पासून ती मंगळवारी गेली. तुमच्या शीटमध्ये वाराप्रमाणे फिल्टर होता, तो आता वेगळ्याच दिवसाला लागतो. हे क्लासमध्ये घाईत सांगून झालं, नीट सांगायला हवं होतं.

पुढच्या बॅचपासून वेळेचं नियोजन सुधारतोय, फाईलीही लवकर पाठवायचं बघतो. फी परत करणं मला जमणार नाही, दोन दिवसांचा हॉल आणि डेटाचा खर्च त्यातूनच निघतो. पण पुढच्या बॅचच्या रविवारी तुम्ही विनामूल्य बसू शकता. येताना 2025 चा डेटा घेऊन या, तो आपण अजून उघडलेला नाही. 9:37 आणि 27% एकदाच त्यावर चालवू, आणि कीबोर्ड तुमच्याकडेच राहील.