खुलासा : शेवटच्या नळाचं क्लोरीन

"शेवटच्या वाडीत क्लोरीन सापडत नाही, मग मुख्य टाकीत टीसीएल पावडर दुप्पट टाका."

असं करू नका. टाकीजवळच्या घरांत पाण्याला वास मारेल आणि मग लोक विहिरीकडे वळतील. त्यापेक्षा पाणी सुटल्यावर ओळीने नळ तपासा. समजा मुख्य टाकीपाशी लिटरमागे ०.८ मिलिग्रॅम, बाजारात ०.६, खाडीकाठच्या वाडीच्या टाकीत ०.३ आणि शेवटच्या नळाला ०.१ मिळालं. किमान ०.२ हवं. उतार हळूहळू आहे, म्हणजे पाणी वाटेत रेंगाळतंय. एकाच टप्प्यात धपकन पडला असता तर आधी गळती शोधावी लागली असती.

म्हणून बूस्टर डोस वाडीच्या टाकीत. २०,००० लिटरला ०.४ वाढवायला ८ ग्रॅम क्लोरीन, म्हणजे ३० टक्क्यांची पावडर साधारण २७ ग्रॅम. पण आपल्या दमट हवेत उघड्या पोत्यातली पावडर लवकर मरते, तेव्हा पावडर पाण्यात कालवून वरची निवळी ओतल्यावर अर्ध्या तासाने टाकीत आणि नंतर शेवटच्या नळाला पुन्हा मोजा.