थेंब थेंब जाणारे पाणी नेहमी लघवीच असते काय? एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

«गरोदरपणात अंगावरून पांढरे जाणे म्हणजे अंगात उष्णता वाढली आहे, त्याने हाडे झिजतात. तुरटीच्या पाण्याने आतून धुवावे, फरक नाही पडला तर मेडिकलमधून किट आणावे. पाणी थेंब थेंब जात असेल तर ती लघवीच असते. पिशवी फुटली की पाणी धो धो वाहते, ते कळतेच. तरी शंका असेल तर दिवसाला चार लिटर पाणी प्यावे आणि सोनोग्राफीत पाणी नीट दिसले की निर्धास्त राहावे.»

ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या महिला गटांत हा मजकूर फिरतो आहे आणि आमच्या ओपीडीत येणाऱ्या गरोदर बायका तो मोबाइलवर उघडून दाखवतात. त्यातली विधाने एकेक करून तपासायला हवीत, मात्र सर्वांना सारखा वेळ देण्याचे कारण नाही. काही विधानांनी फार तर मनस्ताप होईल. एका विधानाने मात्र बाळ गमावण्याची वेळ येऊ शकते.

पहिल्या वाक्याचा निकाल लवकर लागतो. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढते, गर्भाशयाचे तोंड आणि योनीमार्ग यांचा रक्तपुरवठा वाढतो आणि तिथल्या ग्रंथी अधिक स्राव तयार करतात. हा स्राव पातळ किंवा किंचित चिकट, पारदर्शक ते दुधाळ रंगाचा असतो, त्याला फारसा वास नसतो, खाज किंवा जळजळ नसते आणि दिवस भरत येतात तसतसा तो वाढत जातो. हाडांशी त्याचा काहीही संबंध नाही. शेवटच्या महिन्यांत कंबर दुखते ती वाढलेल्या पोटाच्या भाराने आणि सैल झालेल्या सांध्यांमुळे. पांढरे जाणे आणि कंबरदुखी एकाच काळात वाढतात, म्हणून एकामुळे दुसरे होते असा समज पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला आहे. मे महिन्यात घामाने आतले कपडे ओलसर राहतात, त्यामुळे स्राव आहे त्याहून जास्त वाटतो एवढेच. सुती कपडा वापरणे आणि तो दिवसातून दोनदा बदलणे पुरेसे आहे.

खरी अडचण तिसऱ्या विधानाची आहे, कारण ते अर्धे खरे आहे. पुष्कळ वेळा पिशवी फुटल्यावर पाणी खरोखरच भळकन येते आणि कोणाला शंकाच राहत नाही. परंतु पिशवीला छिद्र वरच्या बाजूला पडले असेल, किंवा बाळाचे डोके खाली बुचासारखे बसले असेल, तर पाणी अडून अडून, थेंबाथेंबाने येते. बाई आडवी असताना ते योनीमार्गाच्या मागच्या खोलगट भागात साचते आणि उठून उभी राहताच एकदम ओले झाल्यासारखे वाटते. दुसरीकडे, पोटाच्या दाबाने खोकताना, शिंकताना, हसताना लघवीचे थेंब जाणे हेही शेवटच्या तीन महिन्यांत अगदी नेहमीचे आहे. म्हणून थेंब थेंब येते एवढ्यावरून कोणत्याच बाजूने निष्कर्ष काढता येत नाही.

मग घरी काय पाहावे? आधी लघवी करून यावे, अंग कोरडे करावे, स्वच्छ पांढरे सॅनिटरी पॅड लावावे आणि अर्धा ते एक तास डाव्या कुशीवर पडून राहावे. मग उठून उभे राहावे, दोनदा खोकावे आणि पॅड उजेडात पाहावे. नेहमीचा स्राव पॅडच्या पृष्ठभागावर राहतो, बोटाला चिकटतो आणि वाळल्यावर पांढुरका किंवा पिवळसर थर सोडतो. गर्भजल पाण्यासारखे असल्याने ते आत शोषले जाऊन पसरते; रंग बहुधा पारदर्शक किंवा फिकट गवती, कधी किंचित गुलाबी, आणि वास लघवीसारखा उग्र नसतो. लघवी बहुधा खोकला किंवा शिंक आली की तेवढ्यापुरती येते आणि तिचा वास ओळखू येतो. पॅड पुन्हा पुन्हा पाण्याने ओले होत असेल आणि खालचे स्नायू आवळूनही गळणे थांबत नसेल, तर ते पाणी असल्याचे धरून दवाखान्यात जावे. या चाचणीची मर्यादाही तितकीच स्पष्ट सांगायला हवी: ओले पॅड तुम्हाला दवाखान्यात पाठवू शकते, कोरडे पॅड मात्र गळती नाही असे सिद्ध करू शकत नाही. शंका राहिली तर तपासणीच करून घ्यावी, तीही त्याच दिवशी.

एक उदाहरण घेऊ. घणसोलीला राहणारी, ऐरोलीत नोकरी करणारी, 32 आठवड्यांची पहिलटकरीण. लोकलमध्ये उभी असताना सलवार ओलसर झाल्याचे तिला जाणवले. खोकला होताच, म्हणून लघवी गेली असे तिने मानले. दुसऱ्या दिवशी दुपारी खुर्चीतून उठताना पुन्हा तसेच झाले आणि तेव्हा तिला खोकला आलेला नव्हता. सासूबाईंनी वरचाच मजकूर वाचून दाखवला. तिसऱ्या दिवशी सकाळी ती आली, तेव्हा ताप नव्हता, बाळाचे ठोके चांगले होते, पोट दुखत नव्हते.

अशा वेळी आतून बोटाने तपासणी करत नाहीत, कारण कळा नसताना ती केल्याने जंतू वर जाण्याचा धोका वाढतो. निर्जंतुक स्पेक्युलम लावून पाहतात. तिला खोकायला सांगितल्यावर गर्भाशयाच्या तोंडातून स्वच्छ पाणी येताना दिसले आणि मागच्या कप्प्यात थोडे साचलेलेही होते. त्या पाण्याने तपासणीची पट्टी निळी झाली. योनीमार्ग एरवी आम्लधर्मी, साधारण 3.8 ते 4.5 पीएचचा असतो आणि गर्भजल सातच्या वर असते. पट्टी नेमका हाच फरक दाखवते. थेंब काचपट्टीवर वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा नेचाच्या पानासारखी नक्षी दिसली. तिन्ही गोष्टी जुळल्यावर शंका उरली नाही.

या पट्टीवर डोळे झाकून विसंबता येत नाही, हेही लक्षात असावे. रक्त, वीर्य आणि काही जंतुसंसर्ग यांमुळेही ती निळी होते. आदल्या रात्री संबंध आला होता का, हे विचारले की सासू बाजूला बसलेली असताना सून मान खाली घालून ‘नाही’ म्हणते; हा प्रश्न एकटीला विचारायला हवा आणि तिनेही खरे उत्तर द्यायला हवे, कारण त्यावरच पट्टीचा अर्थ ठरतो. तपासणीच्या आधी आतून धुऊन येऊ नये, तेही याच कारणाने.

आता पाणी पिण्याचा आणि सोनोग्राफीचा मुद्दा. पाचव्या महिन्यानंतर गर्भजल मुख्यतः बाळाच्या लघवीचे बनलेले असते आणि ते सतत तयार होत राहते. त्यामुळे हळूहळू गळत असताना सोनोग्राफीत पाण्याचे प्रमाण ठीक दिसणे अगदी शक्य आहे. घणसोलीच्या त्या बाईचा पाण्याचा निर्देशांक 9 सेंटीमीटर होता, म्हणजे 5 ते 25 या मान्य मर्यादेतच. तो आकडा पाहून तिला घरी पाठवले असते तर चूक झाली असती. कमी झालेले पाणी गळतीच्या संशयाला बळ देते, पण पुरेसे दिसणारे पाणी संशय मिटवत नाही. पाणी पिऊन प्रमाण थोडे वाढेलही, पण मुख्य भीती प्रमाणाची नसते. पिशवी उघडी पडली की योनीमार्गातले जंतू वर जाऊन आईला आणि बाळाला संसर्ग होऊ शकतो, आणि त्यावर चार लिटर पाण्याचा काहीही उपयोग नाही.

उपयोग होतो तो वेळेवर दाखल होण्याचा. 34 आठवड्यांच्या आत पिशवी फुटली आणि संसर्गाची चिन्हे नसतील, तर बहुधा लगेच बाळंतपण न करता दिवस वाढवण्याचा प्रयत्न होतो. तिला बाळाच्या फुफ्फुसांसाठी स्टिरॉइडची दोन इंजेक्शने 24 तासांच्या अंतराने दिली, प्रतिजैविके सुरू केली, आणि ताप, नाडी, पाण्याचा वास व बाळाचे ठोके यांवर रोज लक्ष ठेवले. या इंजेक्शनांचा पुरता गुण यायला एक-दोन दिवस लागतात आणि कळा कधी सुरू होतील याचा भरवसा नसतो. लघवी समजून घरी घालवलेले दिवस महाग पडतात ते इथेच. तिचे 34 आठवडे उलटल्यावर कळा सुरू झाल्या आणि बाळाला नवजात विभागात थोडेच दिवस ठेवावे लागले.

37 आठवड्यांनंतर पाणी गेले तर बहुतेक बायकांना 24 तासांच्या आत कळा येतात, तरीही घरी कळांची वाट पाहत बसू नये. पाणी हिरवट किंवा तपकिरी असेल, दुर्गंधी असेल, ताप असेल, ताजे रक्त जात असेल किंवा बाळाची हालचाल मंदावली असेल तर मध्यरात्रीही निघावे. नाळेसारखे काही बाहेर आल्याचे जाणवले तर ते आत ढकलू नये, गुडघे आणि छाती टेकून कंबर उंच ठेवावी आणि 108 ला फोन करावा. याउलट 37 आठवड्यांनंतर शेंबडासारखा चिकट, किंचित रक्ताळलेला गोळा पडणे हे तोंड सैल होऊ लागल्याचे लक्षण आहे, पिशवी फुटल्याचे नव्हे. तेच 37 च्या आधी झाले तर मात्र डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे.

राहिली तुरटी आणि किट. योनीमार्गातले उपयुक्त जीवाणू लॅक्टिक आम्ल तयार करून बाकीच्या जंतूंना दूर ठेवतात. तुरटीने, जंतुनाशकाने किंवा साबणाने आतून धुतले की तेच जीवाणू कमी होतात आणि संसर्गाला वाट मोकळी होते. बाहेरून साधे पाणी पुरे. संसर्ग झालाच तर तो सहसा आपली खूण दाखवतो. दह्याच्या कवडीसारखा घट्ट पांढरा स्राव आणि बेसुमार खाज ही बुरशीची खूण. पातळ राखाडी स्राव आणि मासळीसारखा वास, विशेषतः संबंधानंतर, ही जीवाणूंचा समतोल बिघडल्याची. पिवळसर हिरवा, फेसाळ स्राव आणि जळजळ ही ट्रायकोमोनासची, ज्यात नवऱ्यालाही औषध घ्यावे लागते. तिन्हींची औषधे वेगवेगळी आहेत, म्हणून सर्वांवर एकच किट हा उपचार होऊ शकत नाही.

शिवाय अशा किटमध्ये बहुधा फ्लुकोनाझोलची गोळी असते आणि गरोदरपणात ती टाळतात. बुरशीवर गरोदर बाईला क्लोट्रिमॅझोलसारखे औषध क्रीमच्या किंवा योनीमार्गात ठेवायच्या गोळीच्या रूपात सात दिवस देतात. दोन दिवसांत खाज थांबली म्हणून ते सोडले तर त्रास परत येतो. आणि कोर्स पूर्ण करूनही बुरशी पुन्हा पुन्हा होत असेल, तर गरोदरपणातल्या मधुमेहासाठी रक्तातली साखर तपासून घ्यावी.