समोशाने प्यायलेले तेल

कट्ट्यावर त्या संध्याकाळी वादाला तोंड फुटले ते बंडूच्या नव्या एअर फ्रायरमुळे. खोक्यावरचा ‘९० टक्के कमी तेल’ हा दावा त्याने आठवडाभर इतक्यांदा ऐकवला होता की, तो कुणी नव्याने सांगण्याची गरजच उरली नव्हती. बापू शॅलो फ्रायचे जुने पुरस्कर्ते आहेत. कढईभर तेल तापवणे त्यांना उधळपट्टी वाटते. सुमनताईंनी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले, आणि समोसा तळावा तो मंद आचेवर भरपूर तेलातच, यावर त्या ठाम आहेत. माझे मत आधीपासून ताईंच्या बाजूला झुकलेले होते, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

“कढईत किलोभर तेल ओतता आणि इकडे मी दोन चमचे लावतो,” बंडू म्हणाला. “यात मोजायचे काय राहिले?”

“कढईत किती ओतले याचा हिशेब किराण्याच्या वहीत लिही,” ताई म्हणाल्या. “पोटाचा हिशेब समोशात किती राहिले याचा असतो. तळण झाल्यावर उरलेले तेल तू पीत नाहीस ना?”

बंडूने मात्र पुरावा आणलाच होता. मागे ताईंकडे तळलेला एक समोसा त्याने तळणीआधी आणि तळणीनंतर वजन करून पाहिला होता. ७२ ग्रॅमचा ६९ भरला, म्हणजे तळल्याने उलट वजन घटते, मग तेल शिरले कुठे, असा त्याचा सवाल होता. त्यातून त्याने काढलेला निष्कर्ष असा की, ताईंचा वजनकाटा बिघडलेला आहे. या काट्यावरून दोघांचे जुने भांडण आहे, कारण बंडूने तो एकदा उसना नेऊन चार महिने परत केला नव्हता.

“काटा माझ्याकडे असतो तेव्हा ठीक असतो,” ताई म्हणाल्या, “आणि तो खरेच बोलतोय. पारीतले आणि सारणातले पाणी वाफ होऊन गेले नऊ ग्रॅम, तेल आले सहा ग्रॅम. वजाबाकी तीन. समोशाचे वजन करून तेल कधीच कळत नाही. वजन करायचे ते कढईचे.”

ठरल्याप्रमाणे रविवारी ताईंच्या स्वयंपाकघरात सोळा समोसे झाले, आणि मी वही घेऊन बसलो. ३२० ग्रॅम मैदा, त्यात ६४ ग्रॅम तेलाचे मोहन, १२८ ग्रॅम पाणी. मळलेल्या पिठाच्या प्रत्येकी ३२ ग्रॅमच्या पाऱ्या आणि प्रत्येकात ४० ग्रॅम सारण. सारणाच्या फोडणीला एकूण २४ ग्रॅम तेल लागले. म्हणजे कढई किंवा एअर फ्रायर दिसण्याआधीच प्रत्येक समोशात मोहनाचे चार आणि फोडणीचे दीड मिळून साडेपाच ग्रॅम तेल होते. ताईंनी हा आकडा वहीत सगळ्यात वर लिहायला लावला, कारण तेलाच्या तुलनेत तो बहुतेक वेळा कुणाच्या ध्यानातच येत नाही.

पहिला घाणा कढईतला होता. ताईंनी तेल, कढई आणि झारा असे एकत्र तोलले, म्हणजे झाऱ्याला चिकटलेले तेल आपोआप हिशेबात राहिले. तेल १४०–१५० अंशांवर ठेवून चार समोसे बारा-तेरा मिनिटे तळले. याहून तापलेल्या तेलात पारीवर फोड येतात आणि बाहेरून रंग चढला तरी आतला थर कच्चा राहतो. ते काढून, आपण सगळे करतो तसे, थेट ताटात एकावर एक रचले आणि पाच मिनिटांनी टिपकागदावर घेतले. कढई निवल्यावर पुन्हा तोलली तेव्हा २९ ग्रॅम तेल कमी भरले. कागदावर आणि ताटात मिळून ५ ग्रॅम सापडले. राहिलेले २४ ग्रॅम चार समोशांत, म्हणजे प्रत्येकी सहा.

दुसरा घाणा बापूंचा. पसरट तव्यात ६० ग्रॅम तेल, समोसे एकेका अंगावर लोळवत भाजायचे. येथे समोशाचा आकार आडवा आला. तिन्ही अंगे तेलात टेकवली तरी शिवण आणि टोके कोरडी राहत होती, म्हणून बापू चमच्याने तेल वर घालत होते. तेल थोडे असल्यामुळे समोसे सोडताच ते निवत होते, आणि वेळ वीस मिनिटांवर गेला. तव्यातून २६ ग्रॅम गेले, कागदावर तीन आणि शेगडीवर उडालेले पुसून एक ग्रॅम मिळाले. राहिले २२, म्हणजे प्रत्येकी साडेपाच.

“पाहा, मी अर्धा ग्रॅम वाचवला,” बापू म्हणाले.

“नाही वाचवलात,” ताई शांतपणे म्हणाल्या. “कागद मी छोट्या काट्यावर तोलले, पण कढईचा मोठा काटा एका वजनात एखादा ग्रॅम इकडे-तिकडे दाखवतो. प्रत्येक घाण्यात त्यावर दोन वजने, घाणे दोन, म्हणजे चार ग्रॅमपर्यंतची चूक पोटात येते. तुमचा-माझा फरक चौघांत मिळून दोन ग्रॅमचा. ही बरोबरी समजा.”

बापूंना हे लागले, आणि ते स्वाभाविक होते. पण ताईंचा मुद्दा मला अगदी पटला, आणि तो येथे नीट मांडायला हवा. समोसा तेलात असताना त्यातून वाफ सतत बाहेर येत असते, आणि तिच्या रेट्यामुळे तेलाला आत शिरायला फारसा वाव मिळत नाही. तो बाहेर काढला की वाफ थंडावून आक्रसते, पारीच्या बारीक छिद्रांत पोकळी तयार होते, आणि पृष्ठभागावर चिकटलेले तेल ती आत ओढून घेते. बरेचसे तेल समोसा पितो तो कढईबाहेर, थंड होताना. म्हणून कढईत तेल किलोभर आहे की तव्यात वाटीभर, यापेक्षा बाहेर काढताना अंगावर किती चिकटून आले आणि ते किती वेळ तेथे राहिले, हे अधिक महत्त्वाचे ठरते. पुन्हापुन्हा तापवलेले तेल दाट होते आणि निथळत नाही, त्यामुळे त्यात तळलेला समोसा जास्त तेलकट निघतो, त्याचेही कारण हेच.

तिसरा घाणा बंडूच्या यंत्राचा. १८० अंश, अठरा मिनिटे, मध्ये एकदा उलटून, दोनदा ब्रशने तेल. वाटी आणि ब्रश आधी व नंतर छोट्या काट्यावर तोलून ८ ग्रॅम तेल खर्ची पडल्याचे दिसले. त्यातले दोन जाळीखाली ठिबकले. राहिले सहा, प्रत्येकी दीड.

“सहाच्या जागी दीड! म्हणजे पाऊण तेल वाचले!” बंडू उभाच राहिला. “खोक्यावर काय चुकीचे लिहिले होते?”

“वहीतली सगळ्यात वरची ओळ वाच,” ताई म्हणाल्या.

मी वाचली. आधीचे साडेपाच मिळवले की कढईतल्या समोशात साडेअकरा ग्रॅम तेल होते आणि यंत्रातल्या समोशात सात. बचत साडेचार ग्रॅमची, चाळीस टक्क्यांच्या जरा आत. तेलाच्या ग्रॅमला नऊ कॅलरी, म्हणजे एका समोशामागे सुमारे चाळीस कॅलरी. मैदा आणि बटाट्याच्या साधारण ११० कॅलरी कुठल्याही पद्धतीत तेवढ्याच राहतात, म्हणून २१४ विरुद्ध १७३ असा तो सामना होता. फरक खरा आहे, आणि ताईंनीही तो मान्य केला. फक्त तो नव्वद टक्क्यांचा नाही.

“मग मोहन कमी करतो,” बंडू म्हणाला.

“ते तू केले आहेस,” बापू म्हणाले, आणि सगळ्यांना मागच्या महिन्यातले त्याच्या घरचे समोसे आठवले. मोहन निम्मे होते, पारी पांढरट आणि कडक झाली होती, आणि बापूंच्या दाताची कवळी त्यानंतर दोन दिवस दुरुस्तीला होती. मोहन पिठाच्या कणांवर बसून ग्लूटेनचे धागे लांब होऊ देत नाही, म्हणून पारी खुसखुशीत होते. कढईत बाहेरून येणारे तेल ही उणीव काही प्रमाणात झाकते. गरम हवेच्या झोतात ती झाकायला कुणी नसते. त्यामुळे यंत्रासाठी मोहन कमी न करता उलट चमचाभर वाढवावे लागते, आणि बचत तेवढी आणखी आकसते. तयार गोठवलेले समोसे यंत्रात घालणाऱ्यांनी पाकिटावरची घटकांची यादी आणि कृती वाचावी, कारण असे पुष्कळ पदार्थ गोठवण्याआधी अर्धवट तळलेले असतात, आणि त्यांना तेल न लावता भाजले तरी ते कारखान्यात पिऊन झालेले असते.

शेवटचे चार समोसे ताईंनी राखून ठेवले होते. पुन्हा कढई, तेच तापमान, तेवढीच मिनिटे. फरक इतकाच की, प्रत्येक समोसा झाऱ्यावर टोक खाली करून अर्धा मिनिट कढईवरच धरला, मग ताटात न रचता जाळीवर सुटा उभा केला आणि वाफ निघत असतानाच चारही बाजूंनी टिपकागद लावला. कढईतून या वेळी २४ ग्रॅमच गेले आणि कागदाने सहा टिपले. राहिले १८, प्रत्येकी साडेचार. पहिल्या घाण्याशी तुलना केली तर चौघांत मिळून सहा ग्रॅमचा फरक, जो काट्याच्या चुकीत बसत नाही. एका समोशात एकूण तेल दहा ग्रॅम, कॅलरी सुमारे २००. पाच मिनिटांनी टेकवलेला कागद फारसे टिपू शकत नाही, कारण तोवर तेल पारीच्या आत गेलेले असते. कागद चकचकीत झाला नाही म्हणजे समोसा कोरडा आहे, असे समजणारे आपण सगळे इतकी वर्षे उशिरा कागद लावत आलो.

“तरी सात ते सातच,” बंडूने हट्ट सोडला नाही, आणि आकड्यांपुरते त्याचे बरोबर होते.

“सातच. पण तू आत्तापर्यंत किती खाल्लेस?” ताईंनी विचारले.

यंत्रातल्या चारांपैकी ताटलीत एकच उरला होता. तीन समोशांचे २१ ग्रॅम तेल आणि ५१९ कॅलरी मी वहीत मांडल्या. बापूंनी पहिल्या घाण्यातले दोन खाल्ले होते, त्यांचे २३ ग्रॅम आणि ४२८. बंडूने वही माझ्या हातातून ओढून बेरीज दोनदा तपासली. मग आकडे पक्के व्हायचे तर प्रत्येक घाणा बारा समोशांचा हवा, म्हणजे काट्याची चूक विभागली जाईल, असे त्यानेच सुचवले, आणि हे रविवारचे त्याचे एकमेव शास्त्रीय वाक्य होते, असे ताई म्हणाल्या. अठ्ठेचाळीस समोसे कोण खाणार, असे बापूंनी विचारताच सगळ्यांनी एकदम बंडूकडे पाहिले, आणि त्याने जाळीवरचा, नुकताच निथळलेला, चौथ्या घाण्यातला समोसा उचलला.