ग्रुपवर रागात लिहिलेला मेसेज पाठवायच्या आधी

रागात लिहिलेल्या मेसेजचा सगळ्यात जास्त फायदा कुणाला होतो माहितीय का, ज्याच्यावर राग आहे त्यालाच. कारण मग तो तुमच्या मुद्द्यावर बोलतच नाही, तुमच्या भाषेवर बोलतो. "अशी भाषा बरी नाही", "बायकामाणसं आहेत ग्रुपवर", "आधी नीट बोलायला शिका", आणि बाकीचे पण हात जोडलेले इमोजी टाकून मोकळे, मूळ प्रश्न जागच्या जागी राहतो. म्हणून मी म्हणते ड्राफ्ट थंड करायचा तो समोरच्यावर दया म्हणून नाही, त्याला पळायला वाट राहू नये म्हणून.

आमच्या जुळे सोलापुरातल्या अपार्टमेंटचंच सांगते. सोलापुरात पाण्याचं काय आहे ते सोलापूरकरांना सांगायला नको, नळाला पाणी काही दिवसांनी, ते खालच्या हौदात साठवायचं, मोटरने वरच्या टाकीत चढवायचं आणि पुढच्या पाळीपर्यंत पुरवायचं. एका मंगळवारी रात्री मोटर चालूच राहिली, वरची टाकी भरून गच्चीवरनं पाणी वाहून गेलं, गुरुवारी सकाळी हौदाचा तळ दिसला, दोन टँकर मागवले आणि कमिटीनं फ्लॅटमागे 150 रुपये मागितले. वरच्या मजल्यावरच्या काकू मोबाईल घेऊन माझ्याकडं आल्या, "अगं मी सांगते तसं टाइप कर आणि टाक ग्रुपवर." त्यांनी सांगितलं ते असं:

"ज्यांना मोटर बंद करायची अक्कल नाही त्यांनी कमिटीत राहू नये. आम्ही काय पैशाचं झाड लावलंय का??? दरवेळी हेच चालतं. काही लोकांच्या घरात पाणी कधीच कमी पडत नाही आणि आम्ही बादल्या मोजायच्या. पार्किंगचं तर बोलायलाच नको."

मी शब्द न शब्द लिहून घेतलं, एक अक्षर बदललं नाही. फक्त ग्रुपच्या खोक्यात लिहिलं नाही, व्हॉट्सअपवर स्वतःलाच मेसेज पाठवता येतो तिथं लिहिलं. हे महत्त्वाचं आहे कारण ग्रुपच्या खोक्यात अर्धवट लिहिलेलं असलं की बोट कधी लागेल सांगता येत नाही, आणि गेलेला मेसेज 15 मिनिटांच्या आत बदलता येत असला तरी बदलल्याची खूण राहते, डिलीट केला तरी "डिलीट केला" हे सगळ्यांना दिसतं, तोपर्यंत कुणीतरी स्क्रीनशॉट काढलेलाच असतो. व्हॉइस नोट तर रागात पाठवूच नका, ती दुरुस्त होत नाही, आणि आवाज चढलेला ऐकू येतो तो वेगळाच.

मग काकूंना म्हणलं आता हे उद्या सकाळी बघू, आणि मधे परत उघडून वाचायचं नाही. ही दुसरी अट लोक पाळत नाहीत. त्यांना वाटतं थांबलो म्हणजे झालं, पण रात्रभर तोच ड्राफ्ट वाचून त्यात अजून दोन ओळी घालत बसतात. ब्रॅड बुशमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 2002 मध्ये प्रयोग छापला होता, ज्याच्यावर राग आहे त्याचा विचार करत पंचिंग बॅगवर गुद्दे मारणारे लोक नंतर जास्त चिडलेले निघाले, नुसते गप्प बसवलेले कमी. म्हणजे राग बाहेर काढला की कमी होतो हे काही खरं नाही. तेच डोक्यात घोळवत बसलं तर नुसता वेळ जाऊन भागत नाही, डोकं दुसऱ्या कामात जायला पाहिजे. काकू भाकऱ्या करायला गेल्या, ते बरंच झालं.

सकाळी आम्ही प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारला, हे तुम्ही पाहिलं, ऐकलं, का तुमचा अंदाज आहे? टाकी वाहताना काकूंनी स्वतः पाहिलं होतं, रात्री साडेबाराला गॅलरीतून, आणि वॉचमनला उठवून मोटर बंद करायला लावली होती, म्हणजे सगळ्यात भक्कम गोष्ट हीच आणि नेमकी हीच ड्राफ्टमध्ये नव्हती! मोटर कुणी चालू ठेवली हे वॉचमनकडनं ऐकलेलं. "काही लोकांच्या घरात पाणी कमी पडत नाही" हा नुसता अंदाज, तो गेला. "दरवेळी" पण गेलं, कारण कुणीतरी लगेच विचारणार दरवेळी म्हणजे कधी कधी ते सांगा, की मग तुम्ही तारखा शोधत बसा. पार्किंग खरं होतं पण ते वेगळं दुखणं, त्याचा मेसेज वेगळा.

आणि ते "काही लोक" आहे ना, ते मला सगळ्यात वाईट वाटतं. लिहिणाऱ्याला वाटतं नाव घेतलं नाही म्हणजे सभ्यपणे लिहिलं, पण बारा फ्लॅटच्या ग्रुपात बाराही घरांना वाटतं हे आम्हालाच. एक तर जे झालं ते सरळ सांगा, नाहीतर त्या माणसाला एकट्याला फोन करा.

मग मी विचारलं, काकू तुम्हाला हवंय काय नेमकं? त्या बराच वेळ गप्प. रागाच्या ड्राफ्टमध्ये मागणीच नव्हती बघा, नुसते सवाल होते, आणि "पैशाचं झाड लावलंय का" ह्याला कुणी काय उत्तर देणार. शेवटी ग्रुपवर गेलं ते हे:

"नमस्कार. मंगळवारी रात्री साडेबाराला वरची टाकी वाहताना मी पाहिलं, वॉचमनला सांगून मोटर बंद करून घेतली. हौदातलं पाणी गुरुवारी सकाळी संपलं, नळाला पाणी शनिवारी येणार आहे. दोन टँकरचे फ्लॅटमागे 150 रुपये मागितलेत. माझं म्हणणं, टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारा सेन्सर बसवावा, आणि टँकरचे पैसे वेगळे न घेता मेंटेनन्सच्या शिलकीतून द्यावेत. सेन्सरचं कोटेशन कोण आणणार ते रविवारपर्यंत कळवावं, कुणी नसेल तर मी आणते."

काकूंना शेवटी "कुणाला दुखवायचा हेतू नाही, काही चुकलं असल्यास क्षमस्व" असं घालायचं होतं, मी घालू दिलं नाही. त्यांचं काय चुकलंय की माफी मागायची? थंड करता करता मेसेज असा पातळ झाला की लोक अंगठा दाखवून पुढं जातात. आणि थांबायचं म्हणजे किती, तेही आधीच ठरवा, एक रात्र म्हणजे एक रात्र. आज टाकू उद्या टाकू करत पंधरा दिवस गेले की टँकरचे पैसे भरून झालेले असतात, मग कोण ऐकतंय. आणि टाकी आत्ता वाहत असेल, मोटरमधून धूर निघत असेल तर कसला ड्राफ्ट आणि कसलं काय, सरळ जाऊन दार वाजवायचं.

खरी परीक्षा पहिल्या उत्तराला असते. एकानं लगेच टाकलं, "एकदा विसरलं माणूस तर एवढं काय?" काकू लाल झाल्या, मोबाईल हातात घेतला, मी म्हणलं हे पण आधी स्वतःला पाठवा. दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी त्यांच्या मनानं एकच ओळ लिहिली, "माणूस विसरणारच, म्हणूनच सेन्सर म्हणतेय."

त्यावर भाषा बरी नाही असं कुणालाच म्हणता आलं नाही. खजिनदारांनी कोटेशन आणायचं कबूल केलं. 150 रुपयांचं अजून ठरलेलं नाही, दोन घरं म्हणतात शिल्लक लिफ्टसाठी ठेवलीय, आणि त्यांचंही म्हणणं अगदीच चुकीचं नाही. ते रविवारी मीटिंगला होईल.